गाडी चोरी, 23 दिवसांचा उशीर आणि एक जांभळा शिक्का: टू-व्हीलर पॉलिसीचा सात महिन्यांचा अनुभव

प्रीमियम किती, आयडीव्ही म्हणजे काय, झिरो डेप घ्यावं का, हे सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. पॉलिसी घेतली तेव्हा दुसरीपेक्षा 340 रुपयांनी स्वस्त होती, म्हणून घेतली. तो हिशोब पुढे येईलच.

6 मार्चला संध्याकाळी सीताबर्डीत, मोदी नंबर तीनच्या तोंडाशी गाडी लावली. पाऊण तासानं परत आलो तर जागा रिकामी. एमएच 31 पासिंगची, आयडीव्ही 62,000. ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, "पहिले दोन दिवस शोधून पाहा भाऊ, कोणी चुकून नेली असन." गुन्हा दाखल करून घेईनात. मी तिथेच बाकावर बसून साध्या कागदावर अर्ज लिहिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून द्या म्हणून अडून बसलो. शेवटी वैतागून मारला, अर्धा कागदाबाहेर, फिकट जांभळा. तारीख तेवढी वाचता येत होती. एफआयआर झाला 8 तारखेला.

विमा कंपनीला कळवलं 29 मार्चला. म्हणजे चोरीनंतर 23 दिवसांनी.

का? खरं सांगायचं तर एजंटनं सांगितलं, "घाबरू नका, पहिले पोलिसाचं होऊ द्या, अ समरी आली की क्लेम टाकू." अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा पोलिसांचा शेवटचा अहवाल. पैसे मिळायला तो लागतोच, पण कळवायला लागत नाही. हा फरक मला माहीत नव्हता आणि त्यानं सांगितला नाही. त्यात 9 ला आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, 17 ला डिस्चार्ज मिळाला.

14 मे रोजी नकाराचं पत्र आलं. दोन ओळींचं: अट क्रमांक 1 चा भंग, कळवण्यात विलंब, एफआयआरही दोन दिवस उशिरा. सबब दावा नामंजूर.

इथपर्यंतचा मजकूर मे महिन्यातच लिहून ठेवला होता आणि त्याखाली "लुटारू आहेत सगळे" असं एक वाक्य होतं. ते खोडलं, कारण मधल्या काळात ती अट शांतपणे वाचली.

अपघाताच्या बाबतीत ती अट रास्त आहे. गाडी ठोकली, तुम्ही गॅरेजमध्ये नेऊन दुरुस्त केली आणि महिन्यानं कळवलं, तर सर्व्हेयर पाहणार काय? जुना पत्रा भंगारात, बिल गॅरेजवाल्याच्या हातचं. तिथे उशिरानं पुरावाच जातो, आणि तसा दावा वाचवणं अवघड असतं. चोरीतही त्यांना भीती असते की गाडी विकून टाकली किंवा किल्ली लावून सोडली, आणि मग गोष्ट रचली. म्हणून ते दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. माझ्याकडे दोन्ही होत्या, पहिल्याच भेटीत दिल्या.

पण चोरीसाठी त्याच अटीत वेगळं वाक्य आहे: पोलिसांना ताबडतोब कळवा. 2020 मध्ये गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी नेमकं हेच धरलं. ट्रॅक्टर चोरीला गेला होता, पोलिसांत तक्रार वेळेत होती, कंपनीला कळवायला मात्र दीड महिन्याहून जास्त उशीर झाला होता. चोर शोधायचं काम पोलिसांचं, त्यामुळे ते वेळेत कामाला लागले असतील तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. उलट बाजूही लक्षात घ्या. पोलिसांकडेच उशिरा गेलात तर हा निकाल हाताशी येत नाही.

म्हणून मी त्या शिक्क्यावर एवढा अडून आहे. कंपनीनं एफआयआरची 8 तारीख धरली होती, माझ्या कागदावर 6 होती. तो शिक्का नसता तर पत्रातला दुसरा आरोप खोडायला माझ्याकडे फक्त तोंड होतं.

20 मेला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र दिलं. पहिला मसुदा भावनिक होता, आईचं दुखणं, मनस्ताप वगैरे. बायकोनं वाचला आणि म्हणाली, "यात तारीख कुठे आहे?" दुसऱ्यात फक्त तारखा ठेवल्या. 6 ला ठाण्यात अर्ज, सोबत शिक्क्याची प्रत. 7 ला एजंटला व्हॉट्सॲप, "गाडी चोरीला गेली", खाली त्याचं उत्तर. 8 ला एफआयआर. 9 ते 17 आईचं डिस्चार्ज कार्ड. 18 ते 28 या दिवसांसमोर स्पष्ट लिहिलं की एजंटच्या सांगण्यावरून थांबलो, त्याचे मेसेज जोडले. एजंटला सांगणं म्हणजे कंपनीला सांगणं, असा दावा केला नाही, तो टिकला नसता. लपवाछपवी नव्हती एवढं त्यातून दिसत होतं.

शेवटी दोन गोष्टी. एक, विमा नियामक प्राधिकरणाचं 20 सप्टेंबर 2011 चं परिपत्रक. ते म्हणतं की उशिराची कारणं नेमकी तपासून, नोंदवून घेतल्याशिवाय, आणि वेळेत कळवलं असतं तरी दावा नाकारलाच गेला असता याची खात्री झाल्याशिवाय, उशिराच्या नावाखाली नकार देऊ नये. मला कारण विचारणारा एक फोनही आला नव्हता. दोन, एक प्रश्न: 7 मार्चला कळवलं असतं तर तुम्ही असं काय तपासलं असतं, जे 29 ला तपासता आलं नाही?

या प्रश्नाला उत्तर आलं नाही. जूनमध्ये ऑफर आली: "नॉन-स्टँडर्ड", म्हणजे अटभंग धरून कपातीनं निकाली काढायचा दावा, म्हणून 75 टक्के, 46,500. सोबत पूर्ण आणि अंतिम मान्य असल्याचं व्हाउचर. घरात सगळे म्हणाले घेऊन टाक. मला 15,500 रुपये दिसत होते. सही केली नाही.

जुलैत विमा लोकपालाकडे गेलो. फी शून्य, वकील लागत नाही, चालतही नाही. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं आणि आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी. सुनावणी सप्टेंबरमध्ये व्हिडिओवर झाली. मला एकच अवघड प्रश्न आला: "17 ला आई घरी आल्या. मग बारा दिवस काय केलंत?" आईचं आजारपण 29 पर्यंत ताणलं असतं तर इथेच पडलो असतो. मी एजंटचा मेसेज वाचून दाखवला. मग लोकपालांनी कंपनीच्या प्रतिनिधीला विचारलं, उशिरामुळे तपासात काय बिघडलं? ते म्हणाले, "अटीचा भंग आहे." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

पूर्ण रक्कम द्या, असा निवाडा झाला. तो कंपनीवर बंधनकारक असतो, माझ्यावर नाही. मला पटला नसता तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी होती. अ समरी तोवर आली होती. ऑक्टोबरमध्ये खात्यात 61,900 जमा झाले.

पाचपैकी दोन स्टार. सर्व्हेयर सभ्य होता, त्याचा एक. टोल-फ्री नंबरवर दोन मिनिटांत दावा क्रमांक मिळतो, त्याचा दुसरा. तो फोन 6 मार्चलाच केला असता तर हे सगळं लिहावं लागलं नसतं. नव्या गाडीची पॉलिसी 340 रुपये महाग असलेल्या कंपनीची घेतली, एजंटशिवाय. कापलेले शंभर रुपये अटीत लिहिलेली सक्तीची वजावट आहे. तेही मी वाचून पाहिलं.