अवतार निवेदिकेला हात नाहीत असं धरून लिहा: ऊसपट्ट्यातल्या व्हिडिओंचा अनुभव

कोल्हापूर भागातल्या एका साखर कारखान्याच्या शेती विभागासाठी मी माहितीचे छोटे व्हिडिओ लिहितो. माती परीक्षण, बेणे प्रक्रिया, पाचट असले विषय. पाहणारे शेतकरी, आणि गट ऑफिसमधून ते त्यांच्या व्हॉट्सॲपवर पोचवणारे चिटबॉय. पूर्वी कॅमेऱ्यासमोर आमच्या शेती अधिकारी मॅडम बोलायच्या. पावसाळ्याच्या आधीपासून त्यांच्या जागी संगणकावर तयार झालेली अवतार निवेदिका वापरतोय. मजकूर टाकायचा, आवाज निवडायचा, बटण दाबायचं. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही, कारण मी पाहिलेली या प्रकारची बाकीची सॉफ्टवेअरंही थोड्याफार फरकानं अशीच वागतात.

चेहरा, साडी, प्रकाश सगळं ठीक आहे. पैसे वाया जात नाहीत. पण माणसासाठी लिहिलेली संहिता तिच्या तोंडी जशीच्या तशी घातली, तर व्हिडिओ पडतो, आणि का पडला ते पहिल्यांदा पाहताना कळतही नाही. मातीचा नमुना घेण्याच्या व्हिडिओवरून सांगतो.

मॅडमसाठीची मूळ ओळ अशी होती: "शेतात असं नागमोडी चालत जायचं, ठिकठिकाणी एवढा खड्डा घ्यायचा आणि मग त्याच्या या बाजूनं असा काप काढायचा." मॅडम बोलायच्या तेव्हा यात काहीच कमी नव्हतं. 'असं', 'एवढा', 'या', 'असा' या चारही शब्दांचं काम त्यांचा हात करत होता. अवताराकडे मोजक्या हालचाली आहेत: तळवा उघडणं, हात आडवा धरणं, बाजूला निर्देश करणं, मान डोलावणं. एवढ्यात खड्ड्याची खोली दाखवता येत नाही. त्यामुळे तीच ओळ तिच्या तोंडी गेली की शेतकऱ्याला शून्य माहिती मिळते, आणि वाक्य मात्र व्याकरणानं अगदी शुद्ध असतं.

म्हणून आता संहिता हातात आली की पहिल्यांदा हे 'असं-एवढं' शोधून खुणा करतो. प्रत्येकाचं काय करायचं याला दोनच वाटा आहेत: माप शब्दात आणायचं, नाहीतर ते काम चित्राला द्यायचं. बदललेली ओळ अशी झाली: "शेतात नागमोडी चाला. पंधरा ते वीस ठिकाणं निवडा. प्रत्येक ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्या." इथपर्यंत निवेदिका दिसते. पुढचं वाक्य, "खड्डा इंग्रजी व्ही अक्षरासारखा हवा, त्याच्या एका बाजूनं वरपासून तळापर्यंत दोन बोटं जाडीचा काप काढा," हे खुरप्याच्या चित्रीकरणावर जातं. निवेदिका पडद्यावर नसतेच, फक्त आवाज.

यातला दुसरा फायदा मला बराच नंतर उमगला. ओठांची हालचाल आवाजावरून बेतली जाते. एकदा व्हिडिओ तयार झाला की ओठ त्या आवाजाला बांधलेले. नंतर संकलनात नुसता आवाज पाच टक्के वेगवान केला, तरी वीस सेकंदांच्या तुकड्याच्या शेवटी ओठ जवळजवळ एक सेकंद मागे पडतात. दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढे गेला किंवा 125 मिलिसेकंद मागे राहिला तरी फरक जाणवू लागतो. म्हणजे चेहरा दिसत असेल तिथं ताणायला जागाच नाही. चेहरा दिसत नसेल तिथं मात्र आवाज कापा, थांबवा, खुरप्याच्या वेगाशी जुळवा, कुणी विचारत नाही. त्यामुळे वेळ मागेपुढे होण्याची शक्यता असलेली सगळी वाक्यं मी चित्राखाली ढकलतो. गोळा झालेल्या मातीचे चार सारखे भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत तेच पुन्हा करायचं, हा भाग तर संपूर्ण चित्राखालीच.

ओठ जुळलेत का हे तपासायला म, प, ब ही अक्षरं बघावीत, कारण तिथं ओठ मिटलेच पाहिजेत. 'माती', 'माप', 'पिशवी' या शब्दांवर थांबून पाहिलं की घसरण लगेच दिसते.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. "शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नका," हे वाक्य आम्ही दाखवलं तेव्हा एक चिटबॉय म्हणाला, "बाई मान डोलावतीया आन् नका म्हणतीया. मग घ्यायची का न्हाई?" त्याचं बरोबर होतं. सॉफ्टवेअर वाक्यावाक्याला आपणहून मान डोलावतं. ते बंद करून मी हात आडवा धरण्याची खूण 'नका'वर ठेवली, तर हात पुढच्या वाक्यात उठला, नेमका "झाडाच्या सावलीत नमुना वाळवा" यावर. सावलीत वाळवायला बाई मनाई करतायत असं दिसायला लागलं.

कारण साधं आहे. ही हालचाल दोन सेकंदांची, कमी-जास्त होत नाही, आणि हात पूर्ण आडवा होतो तो मध्यावर, म्हणजे एका सेकंदानं. आपल्या वाक्यात नकार येतो अगदी शेवटी. मी निवडलेला आवाज सेकंदाला साधारण साडेचार अक्षरं बोलतो. 'नका'च्या एक सेकंद आधी म्हणजे चार-पाच अक्षरं मागे गेलं की 'माती' हा शब्द येतो. खूण त्याच्या अलीकडे ठेवली की हात बरोबर 'नका'वर आडवा होतो. तरीही वाक्य संपल्यावर हात खाली यायला वेळ लागतो, म्हणून पुढच्या वाक्याआधी विराम घालावा लागतो:

```
<break time="800ms"/>
```

विराम याहून फार वाढवू नये. दीड सेकंदाच्या पुढे गेलं की ओठ मिटून नुसत्या पापण्या हलवणारी निवेदिका बघून लोकांना मोबाइल अडकला असं वाटतं.

आवाजाबद्दल थोडक्यात. 'जागा', 'जाड', 'चाळणी' यांतले ज आणि च हिंदी वळणानं येतात आणि आपल्याकडे ते फार खुपतं. 'जागा'ऐवजी 'ठिकाण' लिहून सुटका होते, 'चाळणी'ला मात्र पर्याय नाही, मग ती चित्रात दाखवून मोकळं व्हायचं. 'सें.मी.' असं लिहिलं तर आवाज ठेचकाळतो, पूर्ण 'सेंटीमीटर' लिहावं.

खरी कटकट आहे ती दुरुस्त्यांची. कारखान्याकडून एक शब्द बदलून आला तरी त्या दृश्यातला आवाज, ओठ, खुणा सगळं नव्यानं तयार होतं आणि सॉफ्टवेअरच्या योजनेत विकत घेतलेली मिनिटं पुन्हा कापली जातात. पूर्वी मी तीन मिनिटांचं एकच दृश्य करायचो. आता दोन ते चार वाक्यांचं एक दृश्य करतो आणि आधी नुसता आवाज काढून शेती विभागाकडून मंजूर करून घेतो. आवाजाच्या चाचणीला मिनिटं जात नाहीत, निदान माझ्या योजनेत तरी. मॅडम आवाज ऐकूनच 'नमुन्याआधी खत घातलेलं नको' हे वाक्य राहिल्याचं सांगतात, आणि ते तेव्हाच घालता येतं.

पुढच्या वर्षासाठी योजना चालू ठेवणार आहे, पण माहितीपर व्हिडिओंपुरती. ऊसदर, वजनकाटा, थकीत बिलं यावर बोलायचं असेल तेव्हा मॅडमनाच उभं करतो. तिथं शेतकरी बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडं बघून ठरवतो, आणि या निवेदिकेच्या चेहऱ्यावर बघण्यासारखं काही नाही.