वीस बाइटांचा बॅकअप

आमच्या छोट्या त्रैमासिकाच्या वर्गणीदारांची यादी मुंबईतील एका डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर होती. मी सांगलीत राहतो, त्यामुळे ते यंत्र मी कधी डोळ्यांनीही पाहिलेले नाही. डेटाबेसची आवृत्ती फार जुनी झाल्याने ती बदलण्याचे काम ओळखीतून आलेल्या एका तंत्रज्ञाला ४,००० रुपयांत दिले. त्यातले १,५०० रुपये त्याने 'आधी स्नॅपशॉट आणि डेटाबेसची प्रत' यासाठी म्हणून आगाऊ घेतले. स्नॅपशॉट म्हणजे सर्व्हरच्या अख्ख्या डिस्कची त्या क्षणाची नक्कल. संध्याकाळी त्याने प्रतीच्या फाइलचे नाव दिसणारा एक स्क्रीनशॉट पाठवला. आकाराचा रकाना त्यात कापलेला होता, हे मला तेव्हा खटकले नाही.

रात्री नवी आवृत्ती सुरूच होईना, तेव्हा त्याने जुने डेटा फोल्डर पुसून सगळे नव्याने बसवले. "प्रत आहे ना, घाबरू नका," हे त्याचे शेवटचे वाक्य. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः सर्व्हरवर शिरलो. फाइल जागेवर होती, पण तिचा आकार होता २० बाइट. रिकामा मजकूर जीझिप या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रॅमने दाबला की नेमकी एवढीच फाइल तयार होते. पासवर्ड चुकल्यामुळे डेटाबेसमधून एक ओळही बाहेर आली नव्हती; मात्र प्रत काढण्याची आणि ती जीझिपने दाबण्याची आज्ञा एकाच ओळीत जोडलेली होती, आणि अशा जोडआज्ञेचा निकाल शेवटच्या आज्ञेवर ठरत असल्याने, जीझिपचे काम बिनचूक झाल्याबरोबर त्याच्या स्क्रिप्टने 'बॅकअप यशस्वी' असे छापले. पासवर्ड नाकारल्याची सूचना पडद्यावर येतेच, त्यामुळे त्याला काहीच कळले नसेल हे मला पटत नाही. कापलेला रकाना तर आणखीच बोलका आहे. सर्व्हर कंपनीच्या पॅनलमध्ये स्नॅपशॉटची यादी रिकामी होती आणि महिन्याच्या बिलातही त्याचे शुल्क नव्हते. म्हणजे स्नॅपशॉट घेतलाच नव्हता, पैसे मात्र घेतले.

हे तपासायला दोन ओळी पुरल्या असत्या:

```
ls -l vargani.sql.gz
gunzip -c vargani.sql.gz | tail -n 1
```

`mysqldump` ने काढलेली प्रत पूर्ण असेल, तर एरवी शेवटी `-- Dump completed on` आणि तारीख दिसते. मध्येच तुटलेली प्रत आकाराने मोठी असूनही ही ओळ दाखवत नाही, म्हणून नुसत्या आकारावर विसंबता येत नाही. शिवाय प्रत त्याच सर्व्हरच्या डिस्कवर राहिली, तर डिस्कबरोबर तीही जाते. ती आपल्या संगणकावर उतरवून तिथेच उघडून पाहावी लागते. स्नॅपशॉटचे म्हणाल, तर पॅनलचा पासवर्ड आपल्याकडे ठेवून त्याची वेळ आणि 'पूर्ण' ही स्थिती आपणच पाहावी. चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यावरची अवस्था असते, त्यामुळे तो घेताना डेटाबेस थांबवलेला बरा.

माझ्याकडे पाच महिन्यांपूर्वीची एक प्रत निघाली. त्यानंतरचे २१२ वर्गणीदार पावतीपुस्तकांवरून पुन्हा भरायला आम्हाला अकरा दिवस लागले. नव्या तंत्रज्ञाला मी प्रतीची ती शेवटची ओळ माझ्याच संगणकावर दिसल्यानंतर काम सुरू करायला सांगितले, आणि त्याला त्यात काहीच वावगे वाटले नाही.