इंटर्नल ऑडिट कोणाच्या हाताखाली? सोनेतारणाच्या पाकिटावरून तीन रचनांची तुलना

मालमत्ता ५०० कोटी किंवा जास्त असलेल्या नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ च्या परिपत्रकाने जोखीम-आधारित अंतर्गत लेखापरीक्षण बंधनकारक केलं. परिपत्रक वाचून संचालक मंडळ सहसा एकच प्रश्न विचारतं, माणूस कोण नेमायचा? त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे: तो नेमलेला माणूस उत्तर कोणाला देणार?

उदाहरणासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यातली एक काल्पनिक बँक घेऊ. मालमत्ता ६२० कोटी, शाखा १४, सोनेतारण कर्ज ९० कोटी. सोनेतारण मुद्दाम घेतोय, कारण आपल्याकडे ते हंगामाबरोबर हलतं. आंब्याच्या फवारणीसाठी सोनं गहाण पडतं आणि पेट्यांचे पैसे आले की सुटतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बंदराजवळच्या शाखांच्या तिजोरीत गहाण दागिन्यांची पाकिटं वाढतात. गणपतीच्या आधी सोडवायला गर्दी होते, कारण गौरीच्या दिवशी गळ्यात काहीतरी हवंच.

तुलनेच्या आधी तीन फळ्या, म्हणजे जोखीम सांभाळण्याचे तीन थर, समजून घेऊ. अंतर्गत लेखापरीक्षकांच्या जागतिक संस्थेने, आयआयएने, २०१३ मध्ये मांडलेली ही रचना २०२० मध्ये सुधारून घेतली. आपल्या बँकेत ती अशी दिसते. शाखाधिकारी, सोनेतारणाचा क्लार्क, तिजोरीच्या दोन किल्ल्या सांभाळणारे दोघे आणि दागिना तपासणारा सराफ ही पहिली फळी. कर्ज तेच देतात, जोखीमही तेच उचलतात. रिस्क आणि कम्प्लायन्स ही दुसरी फळी. प्रति ग्रॅम दर काय धरायचा, किती टक्के कर्ज द्यायचं, एका सराफाकडे किती शाखा ठेवायच्या, हे ती ठरवते आणि पाळलं जातंय का ते पाहते. इंटर्नल ऑडिट ही तिसरी फळी. पहिल्या दोन्ही फळ्या काम करतात की नाही, हे ती संचालक मंडळाला सांगते.

यातली एक गोष्ट बैठकीत हमखास निसटते. पहिली आणि दुसरी, दोन्ही फळ्या व्यवस्थापनाच्याच आहेत. त्यांच्यातली सीमा पुसट असली तरी २०२० च्या मांडणीला चालतं. छोट्या बँकेत एकच माणूस दोन्हीकडे असू शकतो. तिसरी फळी मात्र व्यवस्थापनाच्या बाहेर राहावी लागते. म्हणजे रिस्क आणि ऑडिट ही "तपासणीवाली दोन खाती" म्हणून एका कपाटात ठेवायची नसतात, जरी दोघेही शाखेत जाऊन तेच पाकीट उघडत असले तरी.

त्या पाकिटाचंच बघू. बंदराजवळच्या एका शाखेत ७०० पाकिटं आहेत. दुसऱ्या सराफाकडून दर तीन महिन्यांनी काही पाकिटं पुन्हा तपासून घ्यायची, असा रिस्क खात्याचा नियम आहे. हे दुसऱ्या फळीचं काम. वर्षातून एकदा ऑडिट येतं आणि ४० पाकिटं उघडतं. काही रजिस्टरवरून निवडून तिजोरीत शोधली, काही तिजोरीतून उचलून रजिस्टरला ताडली; दोन्ही दिशांनी केलं नाही तर गहाळ पाकीट आणि नोंद नसलेलं पाकीट यांपैकी एक सुटतंच. ४० पैकी तीन पाकिटांतल्या बांगड्या वजनाला बरोबर आहेत, कसोटीवर घासल्या तर रंगही सोन्याचा येतो, पण वरचा थर जाड आणि आत दुसराच धातू. कॅरेट मीटरही वरचाच थर वाचतो. पाण्यातलं वजन घेऊन घनता काढली, तेव्हा फरक दिसला.

इथे "तीन पाकिटांत बोगस सोनं, वसुली करावी" एवढं लिहून थांबलेलं ऑडिट पहिल्या फळीचंच काम करून परत आलं. तिसऱ्या फळीने विचारायचं असतं ते वेगळं. याच शाखेत वर्षभरात चार वेळा फेरतपासणी झाली, मग ही पाकिटं त्यात का सापडली नाहीत? रजिस्टर काढल्यावर कळतं की फेरतपासणीची पाकिटं शाखाधिकारी स्वतः काढून देत होते, आणि दुसरा सराफ पहिल्याच्या पेढीतला होता. म्हणजे दोष पहिल्या फळीत आहेच, पण मोठा दोष दुसऱ्या फळीच्या रचनेत आहे, आणि ती रचना सीईओंनी मंजूर केलेली आहे. हा निष्कर्ष कागदावर उतरेल का, हे ऑडिट कुठे बसलंय त्यावर ठरतं.

| | रिस्क आणि ऑडिट एकत्र | ऑडिट सीईओंखाली | ऑडिट लेखापरीक्षण समितीखाली |
|---|---|---|---|
| अहवाल आधी कोणाकडे | सीईओ | सीईओ, मग समिती | समिती, प्रत सीईओंना |
| दुसऱ्या फळीचा दोष लिहिला जाईल? | स्वतःचाच दोष, कठीण | लिहिला जातो, पण मवाळ होतो | हो, समितीला समजला तर |
| पगार, बदली, मूल्यमापन | सीईओ | सीईओ. अंतिम शब्द मंडळाचा ठेवावा लागतो | समिती आणि मंडळ |

पहिली रचना स्वस्त आहे आणि म्हणूनच लोकप्रिय. "जोखीम व लेखापरीक्षण विभाग" अशी पाटी लागते, पगार एक. पण वरच्या उदाहरणात फेरतपासणीचा नियम लिहिणारा आणि तो नियम तोकडा आहे असं लिहायची वेळ आलेला माणूस एकच निघतो. आयआयएची नवी जागतिक मानकं ९ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. ज्या कामाची जबाबदारी मागच्या १२ महिन्यांत स्वतःकडे होती, त्याच कामावर ऑडिटरने खात्री दिली तर त्याची वस्तुनिष्ठता बाधित झाली असं ती धरतात. ऑडिटर चांगला माणूस आहे, हे त्याला उत्तर नाही. ही रचना घ्यायचीच असेल, म्हणजे बँक ५०० कोटींच्या खूप खाली असेल आणि माणसंच नसतील, तर निदान सोनेतारणाच्या फेरतपासणीचं ऑडिट दुसऱ्या कोणाकडून करून घ्या आणि तसं मंडळाच्या इतिवृत्तात लिहा.

दुसऱ्या रचनेबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण कागदावर ती चुकीची नाही. ऑडिट प्रमुखाने सीईओंना उत्तर द्यावं, हा पर्याय रिझर्व्ह बँकेने खुला ठेवला आहे. अट अशी की त्याच्या मूल्यमापनाचा आढावा मंडळ किंवा लेखापरीक्षण समिती घेईल, अंतिम मान्यता मंडळाची असेल, आणि समिती तिमाहीत एकदा तरी वरिष्ठ व्यवस्थापन खोलीत नसताना त्याला भेटेल. शिवाय त्याला व्यवसायाचं कोणतंही उद्दिष्ट द्यायचं नाही. ठेवी गोळा करायचा कोटा ऑडिटरलाही लावला असेल, तर तिथेच गाडी अडली.

बिघडतं ते चर्चेच्या टप्प्यावर. मसुदा सीईओंकडे जातो. यंदा सोनेतारण २० कोटींनी वाढवायचं उद्दिष्ट त्यांच्या डोक्यावर असतं. ते काही दडपत नाहीत. "शाखाधिकारी नवीन आहे, समज दिली आहे, 'उच्च' कशाला, 'मध्यम' लिहा," एवढंच म्हणतात. समितीपुढे मध्यम दर्जाचा मुद्दा २३ व्या क्रमांकावर येतो आणि चहा येईपर्यंत कोणी तिथवर पोचत नाही. हे होतंय का ते ओळखायचं असेल तर समितीने तीन गोष्टी मागाव्यात: पहिला मसुदा आणि अंतिम अहवाल शेजारी शेजारी, शाखेतलं काम संपल्यापासून अहवाल समितीकडे येईपर्यंतचे दिवस, आणि मसुद्यातल्या किती मुद्द्यांचा दर्जा उतरवला गेला त्याची यादी कारणांसह. यादी लांबली किंवा प्रत्येक अहवालाला दोन-तीन महिने लागत असले, तर ऑडिट प्रत्यक्षात दुसऱ्या फळीत जाऊन बसलेलं आहे.

तिसरी रचना, म्हणजे थेट समितीखाली, मला ६२० कोटींच्या बँकेसाठी योग्य वाटते. रजा, गाडी, प्रवासभत्ता हे रोजचं सीईओंनी पाहावं. नेमणूक, वार्षिक योजना, पगारवाढ आणि काढून टाकणं समितीच्या शिफारशीने मंडळाने ठरवावं. पण हिचंही एक दुखणं आहे, आणि ते सहकारातलंच आहे. आपल्याकडे संचालक कर्ज मंजुरीच्या समितीवरही असतात. सोमवारी ज्यांनी कर्ज मंजूर केलं, तेच गुरुवारी लेखापरीक्षण समितीत त्याच कर्जाचा अहवाल ऐकतात. मग तिसरी फळी व्यवस्थापनापासून स्वतंत्र राहूनही पहिल्या फळीलाच उत्तर देत राहते. त्यात गाव लहान; शाखाधिकारी कोणाचा तरी भाचा असतोच.

दुसरं दुखणं बदलीचं. अहवाल तिखट निघाला की ऑडिटरला "बढती" देऊन लांबच्या शाखेत शाखाधिकारी करतात. बदलीला समितीची मंजुरी हवी, असं ठरावात नसेल तर समितीखालची रचना नुसता तक्ता आहे.

बाहेरच्या सीए फर्मला काम देऊन सगळंच सोडवू, असं कोणी सुचवेल. परिपत्रकाच्या कक्षेतल्या बँकेला इंटर्नल ऑडिटचं काम बाहेर देता येत नाही. आत नसलेलं कौशल्य, जसं आयटीचं, कंत्राटावर घेता येतं. कॉनकरंट ऑडिटर आहेतच ना, हेही ऐकू येईल. व्यवहार होतानाच रोज व्हाउचर पाहणारा माणूस माझ्या मते दुसऱ्या फळीच्या जवळचा आहे. त्याच्यावर किती विसंबायचं, ते तिसऱ्या फळीने तपासावं. वैधानिक लेखापरीक्षक तर या तिन्ही फळ्यांच्या बाहेर आहेत.

तुमची बँक नसून काजू किंवा मासळी प्रक्रियेची कंपनी असेल, तर हिशेब वेगळा. खाजगी कंपनीला कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ नुसार इंटर्नल ऑडिटर नेमावा लागतो तो मागच्या वर्षी उलाढाल २०० कोटी किंवा जास्त असेल, किंवा बँकांचं आणि वित्तसंस्थांचं थकीत कर्ज त्या वर्षात कधीही १०० कोटींच्या वर गेलं असेल तेव्हा. तिथे बाहेरचा सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट चालतो. शीतगृहातलं तापमान आणि बर्फ पाहणारा गुणवत्ता अधिकारी ही तुमची दुसरी फळी. त्यालाच इंटर्नल ऑडिटर करू नका, एवढं पुरे.

बँकेकडे परत येऊन, ठरावात काय घालायचं ते ठरवताना आधी लेखापरीक्षण समितीची नावं कर्ज समितीच्या नावांशी ताडा. दोन्हीकडे असलेल्यांना एक समिती सोडायला लावा. ते शक्य नसेल तर, आपण मंजूर केलेल्या कर्जाचा मुद्दा आला की त्या सदस्याने बाहेर जायचं आणि तशी नोंद इतिवृत्तात करायची, हे ठरावातच लिहा. मग नेमणूक, पगार, बदली आणि मूल्यमापन, चारही गोष्टी नावानिशी समितीकडे द्या. आणि फेरतपासणीची पाकिटं शाखा नव्हे, रिस्क खातं संगणकातून यादृच्छिक काढेल, दुसरा सराफ दुसऱ्या तालुक्यातला असेल, हा बदल ऑडिटच्या अहवालाची वाट न बघता आजच करता येतो. त्यासाठी ऑडिट कुठे बसतं ते ठरायची गरज नाही.