पिशवीवर 33% झिंक लिहिलंय? आधी फॉर्म्युला बघा

मक्याला झिंक कमी असल्याचं माती परीक्षणात आलं होतं, एकरी 10 किलो 21% वालं झिंक सल्फेट टाका असं रिपोर्टमध्ये होतं. दुकानदार म्हणाला, अहो ते जुनं झालं, हे 33% वालं न्या, एकरी 6 किलोत काम होतं. पिशवीमागे अडीचशे रुपये जास्त देऊन 10 किलोच्या चार पिशव्या आणल्या, ओळखीचा माणूस म्हणून पक्कं बिलही घेतलं नाही, ही माझी चूक. पाच एकराला तीन पिशव्या टाकल्या आणि महिन्याभरात वरच्या कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे दिसायला लागले.

पुतणी बारावी सायन्सला आहे. तिने उरलेली पिशवी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, काका, हे 33 टक्के असूच शकत नाही. खाली बारीक अक्षरात ZnSO4·7H2O लिहिलं होतं. तिने तिथेच वहीत मांडलं: झिंक 65.4, गंधक 32, ऑक्सिजन चार म्हणजे 64, मिळून 161.4. पण त्याला पाण्याचे सात रेणू चिकटलेले असतात, एक रेणू 18 चा, म्हणजे 126 अजून. एकूण 287.4. आता 65.4 भागिले 287.4 गुणिले 100, उत्तर पावणेतेवीस टक्के. म्हणजे माल शंभर टक्के शुद्ध असला तरी यापुढे झिंक जाणारच नाही, म्हणून तर सरकारी मानकात या प्रकाराला किमान 21% धरलंय. 33% वालं वेगळं असतं, त्यात पाण्याचा एकच रेणू, ZnSO4·H2O, वजन 179.4 आणि झिंक साडेछत्तीस टक्क्यांच्या जवळपास. ते पावडरसारखं असतं, माझ्या पिशवीत तर चक्क स्फटिक होते.

म्हणजे मी जास्त पैसे देऊन साधाच माल आणला आणि वर डोसही कमी टाकला, एकरी 2.1 किलो झिंक पाहिजे होतं तिथे 6 किलोतून जेमतेम सव्वा किलो गेलं.

एक लक्षात घ्या, हा हिशोब फक्त कमाल किती असू शकतं ते सांगतो, आत खरंच तेवढं आहे का ते नाही. स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट मिसळलं असेल तर दिसायला ते तसंच पांढरं असतं, ते आकडेमोडीत पकडता येत नाही, त्याला खत तपासणी प्रयोगशाळाच लागते.

चौथी पिशवी मी न फोडता ठेवलीये आणि तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज दिलाय. तिथे पहिलाच प्रश्न आला, बिल कुठंय. दुकानदार आता म्हणतो ही पिशवी माझ्याकडची नाहीच.