मास्क, गॉगल की स्कार्फ: कोणता फोटो पाठवाल?

अनोळखी माणसाला पाठवायला तुमच्याकडे तीनच फोटो आहेत, असं समजू. एकात मास्क, एकात गॉगल, एकात स्कार्फ. निवडण्याआधी ठरवा, त्या माणसाला तुम्ही देखणे वाटायला हवेत की विश्वासू? कारण या दोन गोष्टी एकाच फोटोत जमतीलच असं नाही.

देखणेपणात मास्क अनपेक्षितपणे पुढे आहे. झाकलेला भाग बघणाऱ्याचं मन स्वतःच भरून काढतं, आणि बहुतेक वेळा जरा उजवाच भरतं. त्यामुळे साधारण चेहऱ्याला फायदा होतो. मुळात फार देखणा चेहरा मात्र थोडा गमावतो. कार्डिफ विद्यापीठाच्या 2022 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्त्रियांनी पुरुषांच्या फोटोंना गुण दिले. निळा वैद्यकीय मास्क कापडी मास्कपेक्षा आणि तोंडासमोर धरलेल्या पुस्तकापेक्षाही सरस ठरला. म्हणजे नुसतं झाकणं पुरत नाही, कशानं झाकलंय हेही मोजलं जातं. जपानमध्ये 2016 साली, कोविडच्या आधी, मास्कने आकर्षण उलट कमी केलं होतं, कारण तेव्हा मास्क म्हटलं की आजारपण आठवायचं.

आपुलकीच्या बाबतीत मात्र मास्क मार खातो. हसू मुख्यतः ओठांवर वाचलं जातं. 2020 च्या एका प्रयोगात मास्कमागचे आनंदी चेहरे अनेकांना निर्विकार वाटले. समजा, तुम्ही फोटोत ओठ ताणून हसलात, पण गाल वर चढले नाहीत आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या नाहीत. ते हसू मास्कमागे जवळजवळ नाहीसंच होतं. तपासायचं असेल तर फोटोचा खालचा अर्धा भाग हाताने झाका आणि तिऱ्हाइताला विचारा, माणूस हसतोय का?

गॉगलचं गणित उलटं. हसू शाबूत राहतं, पण नजर कुठे आहे ते कळत नाही. 2019 च्या एका अभ्यासात गॉगल घातलेल्यांना विश्वासार्हतेचे गुण कमी मिळाले. ऐट येते, हे खरं. पण भाड्याने खोली मागताना ऐट काय कामाची?

स्कार्फ कुठे आहे यावर सगळं अवलंबून. गळ्यात असेल तर प्रश्नच नाही. तोंडावर ओढला असेल तर तो मास्कसारखंच हसू गिळतो, शिवाय अर्थ बघणारा ठरवतो. नेदरलँड्समधल्या 2012 च्या प्रयोगात नकाबात आणि टोपी-शालीत डोळ्यांभोवतीचा तेवढाच भाग उघडा होता. तरी आनंद आणि दुःख टोपी-शालीत नीट ओळखलं गेलं, भीती मात्र नकाबात.

हे सगळे निकाल बहुतांशी स्थिर फोटोंवरचे आहेत. प्रत्यक्ष भेटीत आवाज आणि मान डोलावणं मदतीला येतं, त्यामुळे मास्क तिथे कमी नडतो. फोटोसाठी मी गळ्यातला स्कार्फ निवडेन. तोंडावर ओढलेला असेल तर डोळ्यांत हसू दिसणारा मास्कचा फोटो. गॉगल शेवटी.