हिशेबाचे फोल्डर फक्त दोघांसाठी: आहे त्या संगणकावर की नॅसवर?

भोसरीतील एखाद्या लहान कारखान्याचे मालक आयटी सेवा देणाऱ्याला एका ओळीत कळवतात, "अकाउंट्सचे फोल्डर फक्त मला आणि अकाउंटंटला उघडता यावे." हे काम अकाउंटंटच्या विंडोज संगणकावरच परवानग्या बदलून होते, किंवा नॅस नावाची स्वतंत्र साठवण-पेटी घेऊन होते.

पहिल्या मार्गाला नवीन खर्च नाही. मात्र त्यात एक गोष्ट हमखास राहून जाते. नेटवर्कवरून फोल्डर उघडताना शेअरची आणि डिस्कवरची, अशा दोन्ही परवानग्या तपासल्या जातात व त्यांतील कडक परवानगी लागू होते; पण त्याच संगणकावर बसलेल्या माणसाला फक्त डिस्कवरची परवानगी अडवते. त्यामुळे केवळ शेअरच्या यादीतून Everyone काढले, तर जेवणाच्या सुट्टीत त्या खुर्चीवर बसून स्वतःचे लॉगिन वापरणाऱ्याला फोल्डर उघडेच राहते. उलट घाईने Users गटाला Deny दिले, तर त्या गटात असलेले मालक आणि अकाउंटंटही बाहेर पडतात, कारण वरून वारशाने आलेल्या परवानगीवर Deny मात करते. वारशाने आलेल्या परवानग्या तोडून दोघांची नावे थेट देणे हाच नीट उपाय आहे:

```
icacls D:\Accounts /inheritance:r /grant:r "malak:(OI)(CI)M" "hishob:(OI)(CI)M" "SYSTEM:(OI)(CI)F"
```

तरीही सगळे कर्मचारी एकाच लॉगिनने काम करत असतील (आणि लहान कार्यालयांत ते बहुधा तसेच करतात), तर हे सगळे व्यर्थ आहे, कारण विंडोज माणूस ओळखत नाही, लॉगिन ओळखते. म्हणून विनंतीत "प्रत्येकाला वेगळे लॉगिन आणि पासवर्ड" हे वाक्य आधी यावे.

नॅसवर कोणी बसून काम करत नाही, त्यामुळे खुर्चीचा प्रश्न उरत नाही. शिवाय अकाउंटंटचा संगणक बंद असला तरी मालकांना फाइल मिळते. पेटी आणि डिस्क यांचा खर्च मात्र येतो, आणि टॅलीचा डेटा तेथे हलवायचा असेल, तर आधी त्याची प्रत ठेवून वेग तपासून पाहावा लागतो.

अकाउंटंटच्या संगणकावर दुसरे कोणी काम करत नसेल, तर मी पहिला मार्ग निवडेन. तो संगणक पाळीपाळीने वापरला जात असेल, तर नॅस. अॅडमिन लॉगिन ज्याच्या हाती, त्याला दोन्हीकडे स्वतःला परवानगी देता येते. म्हणून ते लॉगिन कोणाकडे राहील हे विनंतीत लेखी असावे.

काम झाल्यावर तिसऱ्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनने फोल्डर आधी त्याच संगणकावर आणि मग नेटवर्कवरून उघडून पाहावे. दोन्हीकडे नकार आला पाहिजे. बॅकअपची बाह्य डिस्क एक्सफॅट प्रकारची असेल, तर तिच्यावर या परवानग्या टिकत नाहीत. ती कुलूपबंद कपाटात ठेवावी.