उद्यमबागेतल्या छोट्या कंपनीसाठी लॅपटॉप: भाड्याने की विकत?

धरा, बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्याला ऑफिससाठी 10 लॅपटॉप हवेत. विकत घेतले तर जीएसटी सोडून 50,000 प्रमाणे 5 लाख एकदम जातात. तीन वर्षांनी नगामागे 10,000 आले, तर खरा खर्च 4 लाख. भाडं नगामागे महिना 1,500 धरलं, तर 36 महिन्यांत 5 लाख 40 हजार होतात आणि हातात काही उरत नाही. वरचे 1 लाख 40 हजार म्हणजे भांडवल मोकळं राहण्याची किंमत. कोल्हापूरच्या पुरवठादाराने आयजीएसटी लावला, तरी नियमित नोंदणी असल्यास क्रेडिट मिळतं.

खरी मेख परतीच्या अटींत असते. मुदत संपण्याआधी लेखी नोटीस दिली नाही, तर बऱ्याच करारांत भाडं आपोआप पुढे चालू राहतं. परत देताना सिरियल नंबर जुळवतात. मूळ चार्जर नसेल, बिजागरी तुटली असेल किंवा बायोसचा पासवर्ड काढायचा राहिला असेल, तर पैसे कापतात. म्हणून लॅपटॉप हाती येतो त्याच दिवशी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

टॅली आणि ईमेलपुरतंच काम असेल तर विकतच घ्या. ती मशिनं पाच वर्षं सहज चालतात. डिझाइनवाल्यांना मात्र दर तीन वर्षांनी नवं लागतं, तिथे भाडं परवडतं.